विश्लेषण : कच्चा प्रबंध परत पाठवताना मार्गदर्शकाने पत्रात नेमके काय लिहावे?

मार्च संपत आला की विद्यापीठांच्या विभागांत एक ठरलेले दृश्य दिसते. पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रबंधाचा मसुदा मार्गदर्शकाच्या ईमेलवर पाठवतात आणि मग दर तासाने इनबॉक्स उघडून बघतात. दोन-चार दिवसांनी उत्तर येते. बहुतेकदा ते दोन प्रकारांपैकी एक असते. पहिला प्रकार : ‘छान प्रयत्न. थोड्या सुधारणा कराव्यात.’ दुसरा प्रकार : ‘यात संशोधन कुठे आहे?’ पहिले वाचून विद्यार्थी स्वल्पविराम तपासत बसतो. दुसरे वाचून तो विभागाकडे फिरकायचेच बंद करतो. दोन्ही पत्रांनंतर मसुदा होता तिथेच राहतो.

मसुदा खरोखरच कच्चा असेल तर तसे स्पष्ट सांगायला हवे. पण सांगितल्यानंतर विद्यार्थी पुन्हा कामाला बसायलाही हवा. एकाच पत्रात हे दोन्ही कसे साधायचे, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरणातले मार्गदर्शक आणि विद्यार्थी कल्पित आहेत. मसुद्यातल्या चुका मात्र कोणत्याही विभागात सापडतील अशा आहेत.

मसुदा कशावर आहे?

मुळशी तालुक्यातले घोटावडे हे गाव हिंजवडीचे आयटी पार्क आणि पिरंगुटचा औद्योगिक परिसर यांच्या मधल्या पट्ट्यात येते. मुळशीची ओळख भाताची, त्यातही आंबेमोहराची. गेल्या काही दशकांत या पट्ट्यातल्या भातखाचरांच्या जागी प्लॉट, गोदामे, कारखान्यांच्या शेड आणि इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे अर्थशास्त्र, भूगोल किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे विषय शोधत फिरावे लागत नाही. तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतो.

आपल्या उदाहरणातला विद्यार्थी एमए अर्थशास्त्राच्या शेवटच्या सत्रात आहे आणि पिरंगुटच्या एका कंपनीत अर्धवेळ कामही करतो. त्याच्या प्रबंधाचे नाव ‘घोटावडे परिसरातील जमीन विक्रीचे सामाजिक-आर्थिक परिणाम’. मसुदा 92 पानांचा आहे. मार्गदर्शक मॅडमना तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाला. सादर करायची शेवटची तारीख 30 एप्रिल. हे सत्र हुकले तर पदवी लांबणार आणि पदवी दाखवून कंपनीत कायम होण्याची संधीही.

मसुद्याचा निष्कर्ष ठाशीव आहे : जमीन विकणाऱ्या कुटुंबांची परिस्थिती सुधारली आणि न विकणाऱ्यांची खालावली. त्याला आधार 40 कुटुंबांच्या प्रश्नावल्यांचा. वरवर पाहता काम झालेले दिसते. तक्ते आहेत, टक्केवारी आहे, रंगीत आलेखही आहेत.

खोट नेमकी कुठे आहे?

मॅडमनी तक्ता 4.3 बारकाईने पाहिला तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली. 40 पैकी 34 कुटुंबे जमीन विकलेली आहेत आणि न विकलेली फक्त 6. त्या सहापैकी पाच जणांनी उत्पन्न घटल्याचे सांगितले, म्हणून मसुद्यात ‘83 टक्के बिगरविक्रेत्या कुटुंबांचे उत्पन्न घटले’ असे वाक्य आले. त्या पाचांतल्या एकानेच वेगळे उत्तर दिले असते तर हा आकडा थेट 67 वर आला असता. एका माणसाच्या उत्तराने 16 टक्क्यांचा फरक पडत असेल, तर त्या टक्केवारीवर प्रकरण उभे राहू शकत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून खोलवरची. प्रश्नावल्या कुठे भरल्या, हे मसुद्यात कुठेच लिहिलेले नाही. पण व्यवसायाच्या रकान्यात हार्डवेअर दुकान, हॉटेल, भाड्याच्या खोल्या, जेसीबी असे पुन्हा पुन्हा येते. म्हणजे विद्यार्थी फाट्याच्या बाजूला दुकाने असलेल्या, सहज भेटणाऱ्या लोकांकडे गेला. जमीन विकून पैसा हाती टिकला ते लोक रस्त्यालगत दुकान टाकून बसले आहेत. ज्यांचा पैसा संपला आणि जे गाव सोडून गेले, ते त्या दुकानांत भेटणारच नाहीत. नुसते यशस्वी झालेले लोक मोजले की विक्री फायद्याचीच दिसणार. प्रामाणिक विद्यार्थीही या खड्ड्यात सहज पडतात, कारण प्रत्येक प्रश्नावली खरी असते. चूक असते ती कोणाला गाठले यात.

तिसरी गोष्ट दुसऱ्या प्रकरणातली. ‘अमुक यांच्या मते’, ‘तमुक म्हणतात’ अशा परिच्छेदांची तिथे नुसती रांग आहे आणि त्यातली काही पाने आधीच्या एका प्रबंधातून जवळपास जशीच्या तशी उतरवलेली आहेत. साम्य तपासणीचा आकडा 31 टक्के आला.

इतके वाचून कोणाही मार्गदर्शकाचे पित्त खवळेल. पण मॅडम परिशिष्टापर्यंत पोहोचल्या आणि तिथे त्यांना दुसराच विद्यार्थी भेटला. त्याने सात कुटुंबांशी सविस्तर बोलून कोणती जमीन कधी विकली, किती गुंठे, पैशाचे काय झाले, हे लिहून ठेवले होते आणि सांगितलेली वर्षे फेरफार नोंदींशी ताडून पाहिली होती. प्रबंधातले सर्वांत चांगले काम शेवटच्या दहा पानांत, बारीक टायपात दडलेले होते.

पत्र

मॅडमनी लिहिलेले पत्र असे :

“मसुदा मिळाला, पूर्ण वाचला. आहे त्या स्वरूपात हा प्रबंध 30 एप्रिलला सादर करता येणार नाही. केलास तर तोंडी परीक्षेत चौथ्या प्रकरणावरचा पहिलाच प्रश्न तुला अडवेल. पण पाच आठवड्यांत तो सादर करण्याजोगा होऊ शकतो. तसं का वाटतं आणि त्यासाठी काय करावं लागेल, ते खाली लिहिलं आहे.

आधी टिकणारा भाग. परिशिष्ट 2 मधल्या सात कुटुंबांच्या नोंदी, पान 81 ते 90. पान 84 वरच्या कुटुंबाने आधी पाच गुंठे मुलीच्या लग्नासाठी विकले आणि मग अकरा गुंठे घर आणि टेम्पोसाठी. त्यांच्या आठवणीत विक्रीचं वर्ष 2011 आहे, फेरफाराला 2013. तू दोन्ही वर्षं लिहिलीस, सोयीचं एक ठेवून दुसरं गाळलं नाहीस. संशोधन म्हणतात ते हे. उरलेला प्रबंध या दहा पानांच्या पातळीवर आणायचा आहे.

आता अडचणी. तीनच लिहिते, कारण बाकीच्या यांच्यामागून सुटतील.

पहिली आणि सर्वांत मोठी : तुझा निष्कर्ष विकणारे आणि न विकणारे यांच्या तुलनेचा आहे, पण न विकणारी कुटुंबं फक्त सहा आहेत. शिवाय विकून गाव सोडलेलं एकही कुटुंब यात नाही. त्यामुळे ‘विक्रीने परिस्थिती सुधारली’ हे वाक्य या माहितीवर लिहिता येत नाही. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते खरं की खोटं, हे या माहितीवरून कळू शकत नाही.

दुसरी : प्रबंधाला विषय आहे, प्रश्न नाही. ‘सामाजिक-आर्थिक परिणाम’ यात शिक्षण, आरोग्य, लग्नं, व्यसनं, शेती सगळं आलं आणि प्रत्येकावर दोन-दोन पानं झाली. तुझ्या परिशिष्टातच एक नेमका प्रश्न आहे : एकदम सगळी जमीन विकलेल्या आणि तुकड्यातुकड्याने विकलेल्या कुटुंबांनी आलेला पैसा वेगवेगळ्या कामांसाठी वापरला का? तो घे. तो नको असेल तर तुझा दुसरा सुचव, पण एकच आणि एका वाक्यात.

तिसरी : पान 19 ते 23 दुसऱ्या प्रबंधातून उतरवलेली आहेत. साम्य 31 टक्के आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत चालतं. 10 ते 40 च्या दरम्यान आलं तर प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. शब्द इकडेतिकडे फिरवून आकडा खाली आणू नकोस. ती पाच पानं काढून टाक. तू स्वतः वाचलेले चार लेख घे आणि प्रत्येकातून तुझ्या प्रश्नाला काय मिळालं ते लिही. तीन पानं झाली तरी पुरे.

काम या क्रमाने कर. 31 मार्चपर्यंत प्रश्नाचं एक वाक्य आणि कुटुंबांची यादी. यादी ओळखीतून करू नकोस. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही घे आणि त्यातल्या फक्त खरेदीच्या नोंदी उतरव. वारस, वाटणी आणि बोजाच्या नोंदी सोडून दे. विकून गेलेले लोक तिथे सापडतील. न विकणाऱ्यांसाठी आठ-अ बघ. न विकलेली आणखी 14 आणि गाव सोडलेली 8 कुटुंबं मिळव. गाव सोडलेल्यांशी फोनवर बोललं तरी चालेल. रोज दोन धरली तर 22 कुटुंबांना 11 दिवस लागतात. तुझ्या शिफ्ट धरून 16 एप्रिलपर्यंत होईल. चौथं प्रकरण 22 तारखेला माझ्याकडे.

शुद्धलेखन, संदर्भसूची, आलेखांचे रंग आणि पहिलं प्रकरण यांना 22 एप्रिलपर्यंत हात लावू नकोस. त्यांत चुका आहेत, पण आज त्या महत्त्वाच्या नाहीत.

हे काम तुला जमेल असं मी म्हणते ते पान 84 वाचून म्हणते. उद्यापर्यंत तीन ओळींत लिहून पाठव : आधी काय करणार, कुठे अडेल असं वाटतं आणि माझ्या कुठल्या म्हणण्याशी तू सहमत नाहीस.”

निकाल पहिल्याच ओळीत का?

अशा पत्रांचा एक लोकप्रिय साचा आहे : आधी कौतुक, मध्ये टीका, शेवटी पुन्हा कौतुक. तो सौम्य वाटतो, पण वाचणारा काय करतो ते पाहा. निकालाची वाट बघणारा विद्यार्थी कौतुकाचा परिच्छेद धडधडत्या छातीने, ‘पण’ कुठे येतो ते शोधत वाचतो. किंवा उलट होते. कौतुकच लक्षात राहते आणि मधली टीका ‘किरकोळ सूचना’ होऊन जाते. वर दिलेल्या पत्रात पहिल्या चार ओळींत तो प्रश्न मिटतो : आज सादर करता येणार नाही, पाच आठवड्यांत येऊ शकते. हे कळल्यावर पुढचे कौतुक मलमपट्टी वाटत नाही. ती माहिती म्हणून वाचली जाते.

कौतुकाला पान क्रमांक आहे, हेही लक्षात घ्यावे. ‘तुझी मेहनत दिसते’ हे वाक्य कोणत्याही प्रबंधाला चालते. म्हणून ते कोणालाच खरे वाटत नाही. ‘पान 84 वर तू दोन्ही वर्षे लिहिलीस’ हे फक्त या विद्यार्थ्याला लागू पडते. त्यातून त्याला एक मोजमापही मिळते. बाकीची पाने कशी व्हायला हवीत, हे सांगायला मॅडमना परदेशी प्रबंधाचा दाखला द्यावा लागत नाही, त्याचेच पान पुरते.

मानसशास्त्रातही यावर काम झाले आहे. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरील शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम आणखी बिघडले होते. अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष कामावरून स्वतःकडे, ‘मी कसा आहे’ याकडे वळले की परिणाम मंदावतो, अशी त्यांची मांडणी. तीन वर्षांनी कोहेन, स्टील आणि रॉस यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात नुसत्या टीकेपेक्षा आणि टीकेला जोडलेल्या सर्वसाधारण कौतुकापेक्षा तिसरी पद्धत सरस ठरली. तीत टीकेसोबत दोन गोष्टी सांगितल्या होत्या : अपेक्षा उंच आहे आणि ती तू गाठू शकतोस. विशेषतः आपल्याकडे पूर्वग्रहाने पाहिले जाईल अशी धास्ती असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर तिचा परिणाम ठळक होता. गावातून येऊन शहरातल्या विभागात पहिल्यांदाच इंग्रजी संदर्भांशी झुंजणाऱ्या विद्यार्थ्याची धास्ती फार वेगळी नसावी.

तीनच अडचणी का?

मसुद्यात चुका 100 असतील तर 100 दाखवाव्यात, असे प्रामाणिक मार्गदर्शकाला वाटते. तो वर्डच्या फाइलमध्ये समासात 140 टिप्पण्या टाकतो. विद्यार्थी त्या वरून खाली सोडवत जातो. ‘इथे पूर्णविराम हवा’ ही टिप्पणी आणि ‘नमुना कसा निवडला?’ ही टिप्पणी पडद्यावर सारख्याच आकाराच्या चौकटीत दिसतात. दोन दिवसांत 139 सुटतात. उरते ती नमुन्याची, आणि तिच्यापुढे तो लिहितो : ‘यादृच्छिक पद्धतीने निवडला.’ जे केलेच नाही त्याला नाव मिळते आणि चूक आणखी पक्की होते.

म्हणून पत्रात ‘याला हात लावू नकोस’ अशी यादी आहे. कामाचे टाळाटाळीचे कोपरे ती बंद करते. मन कठीण कामापासून पळते आणि संदर्भसूची नीट लावणे हा पळण्याचा फार प्रतिष्ठित मार्ग आहे.

क्रमाला आणखी एक कारण आहे. नवी 22 कुटुंबे आली की एकूण 62 होतील : 20 न विकलेली, 34 विकून गावात राहिलेली, 8 विकून गेलेली. प्रश्नच बदलल्यामुळे तक्ते नव्याने करावे लागतील. मग जुन्या तक्त्यांतले शुद्धलेखन आज सुधारून उपयोग काय?

या दुरुस्तीलाही मर्यादा आहेत आणि चांगला मार्गदर्शक त्या लपवत नाही. आठ-अ हा खातेदाराचा उतारा आहे, कुटुंबाचा नाही. एका घराची दोन खाती असू शकतात आणि एका खात्यावर चार भावांची नावे. बाहेरून येऊन जमीन घेतलेला खरेदीदारही त्यात खातेदार म्हणूनच दिसतो. त्यामुळे यादी घेऊन तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि गावातल्या जाणत्यांकडे बसून ती एकदा चाळावी लागते. फेरफाराची तारीख व्यवहाराच्या मागून येते, म्हणूनच त्या कुटुंबाच्या आठवणीतले 2011 आणि नोंदीतले 2013 दोन्ही खरे असू शकतात. आणि 62 कुटुंबांवरून ‘मुळशी तालुक्यात’ असे वाक्य सुरू करता येणार नाही. ‘पाहिलेल्या कुटुंबांत’ असेच म्हणावे लागेल. निष्कर्ष लहान होईल, पण तोंडी परीक्षेत उभा राहील.

मराठीत लिहिताना घसरते कुठे?

आपल्याकडच्या अभिप्रायांत दोन शब्द फार घात करतात. एक ‘थोडे’. ‘थोडे अजून वाचा’, ‘पद्धतीवर थोडे काम करा.’ लिहिणाऱ्याच्या मनात ते सभ्यतेचे असते, वाचणारा मात्र ते मापाचे समजतो. पूर्ण प्रकरण नव्याने लिहायचे असताना ‘थोडे’ लिहिणे म्हणजे विद्यार्थ्याला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तोंडघशी पाडणे. दुसरा ‘अपेक्षित आहे’. ‘नमुना निवडीत सुधारणा अपेक्षित आहे’ या वाक्यात कोणी, काय, कधी करायचे, यातले काहीच नाही. ‘फेरफारातल्या खरेदीच्या नोंदी 31 मार्चपर्यंत उतरव’ हे वाक्य कमी विद्वान दिसते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर काम सुरू करता येते.

तू की तुम्ही, हा प्रश्नही बारीक नाही. दोन वर्षे ‘अरे’ म्हणणाऱ्या मॅडमनी पत्रात एकदम ‘आपला प्रबंध’, ‘आपण’ सुरू केले तर विद्यार्थी पहिल्या ओळीतच समजतो की मॅडम चिडल्या आहेत. जिथे नेहमी अहो-जाहो आहे तिथे पत्रात ‘तू’ आले तर तो अपमान वाटतो. बोलण्यात जे चालू आहे तेच पत्रात ठेवावे. अंतर दाखवायचे ते माणसापासून नाही, मसुद्यापासून. म्हणून वरच्या पत्रात ‘तुझी पद्धत चुकली’ असे नाही, ‘हे वाक्य या माहितीवर लिहिता येत नाही’ असे आहे. उतरवलेल्या पानांबाबत मात्र भाषा मऊ केलेली नाही. तिथे ‘उतरवलेली आहेत’ असेच म्हटले आहे, आकडा आणि नियम दिला आहे आणि चारित्र्यावर एक शब्दही लिहिलेला नाही.

मत पटत नसेल तर?

मसुदा कच्चा असणे आणि मार्गदर्शकाला त्यातले मत न पटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र लिहिताना त्यांची गल्लत फार होते. महाराष्ट्राला जवळचे एक उदाहरण इथे उपयोगी पडते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1920 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये परतले आणि एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहू लागले. हा प्रबंध पहिल्या फेरीत स्वीकारला गेला नाही. ब्रिटिश धोरणावरची त्यातली टीका परीक्षकांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. 1923 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो स्वीकारला गेला. त्याच वर्षी तो लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने पुस्तकरूपाने काढला. या प्रबंधाला कच्चा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. इथे बघायचे ते गुरुशिष्यांनी एकमेकांविषयी छापून काय ठेवले ते.

पुस्तकाला प्रस्तावना कॅनन यांचीच आहे. तीत ते उघडपणे सांगतात की सुवर्ण विनिमय पद्धतीला आंबेडकरांचा जो विरोध आहे तो मला मान्य नाही आणि त्यांचे बहुतेक युक्तिवादही मी स्वीकारत नाही. पुढे ते म्हणतात की काही मुद्दे मात्र त्यांनी अचूक हेरले आहेत आणि जिथे ते मला चुकीचे वाटले तिथेही त्यांच्या विचारांत एक ताजेपणा जाणवला. आंबेडकरांनी आपल्या प्रास्ताविकात कॅनन यांच्या सहानुभूतीचे ऋण मानले आहे आणि पुस्तकातल्या मतांची जबाबदारी त्यांच्यावर नाही, हेही स्पष्ट केले आहे. पण आपल्या सैद्धांतिक विवेचनाची त्यांनी कठोर तपासणी केल्यामुळे बऱ्याच चुका टळल्या, असे ते लिहितात.

कठोरपणा विवेचनाच्या तपासणीत होता. निष्कर्ष कॅनन यांना पटला नाही, तरी तो शिष्याचाच राहिला. घोटावड्याच्या पत्रातली ‘ते खोटं आहे असं मी म्हणत नाही’ ही ओळ याच जातीची आहे. मॅडमना कदाचित जमीन विकणे हे नुकसानच आहे असे मनातून वाटत असेल. पत्रात त्याला जागा नाही. ‘माझ्या कुठल्या म्हणण्याशी तू सहमत नाहीस’ हा प्रश्न शेवटी आहे तो त्यासाठीच.

पत्र पोहोचले, हे कसे ओळखावे?

‘ओके मॅडम, करतो’ असे दोन मिनिटांत उत्तर आले तर पत्र पोहोचलेले नाही. घाबरलेला विद्यार्थीही तेच लिहितो आणि न वाचलेलाही. आठवडाभर काहीच आले नाही तर दुसरे कडक पत्र पाठवण्यापेक्षा फोन करावा, कारण बहुधा त्याने पहिल्या ओळीनंतर वाचणे थांबवलेले असते. आणि सगळ्याच मसुद्यांना पाच आठवडे पुरत नाहीत. परिशिष्टातली ती दहा पाने नसती, तर इतक्या मुदतीत नवी पाहणी सांगणे ही दिशाभूल झाली असती. अशा वेळी ‘या सत्रात नको, पुढच्या सत्रात दे’ हे मार्चमध्येच लिहावे, 28 एप्रिलला नाही.

आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी रात्री, शिफ्ट संपल्यावर येते. प्रश्न म्हणून त्याने मॅडमनी सुचवलेलाच घेतला आहे. अडेल कुठे, तर गाव सोडलेल्यांचे फोन नंबर मिळण्यात. त्यासाठी तो भावकीतल्या लोकांना विचारणार आहे. असहमतीच्या जागी त्याने उलट प्रश्न केला आहे : ‘मॅडम, दोन कुटुंबं अशी माहीत आहेत की त्यांनी इथली सगळी जमीन विकली आणि त्याच पैशात दुसऱ्या तालुक्यात दुप्पट घेतली. आपल्या फेरफारात ते फक्त विकणारे दिसतील. त्यांना कुठल्या रकान्यात घालू?’